प्रकल्प नोंदी: मसाल्याच्या पाकिटांसाठी निवडलेला टाइपफेस आणि तो न बदलण्याविषयी ग्राहकांना लिहिलेले पत्र

८ जुलै २०२४, ठाणे

वाशीच्या एपीएमसी मसाला मार्केटमधील ग्राहकांचा ई-मेल आज सकाळी आला. घाऊक व्यापारात मुरलेले हे घराणे यंदा प्रथमच स्वतःच्या नावाने किरकोळ विक्रीत उतरत असून, ५० ग्रॅम, २०० ग्रॅम आणि ५०० ग्रॅम अशा तीन आकारांच्या पाकिटांचे काम त्यांनी आमच्याकडे सोपवले आहे. पाकिटांवरील सर्व मजकुरासाठी आम्ही ‘मुक्ता’ हा टाइपफेस सुचवला होता आणि शेठजींनी तो पसंतही केला होता. आता त्यांच्या चिरंजीवांनी एक नक्षीदार फॉन्ट पाठवला असून ‘हा जास्त रॉयल वाटतो, मुक्ताऐवजी हाच घ्यावा’ एवढीच सूचना सोबत केली आहे.

नमुना पाहिला. काळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी रंगात ‘गोडा मसाला’ ही अक्षरे मोबाइलचा पडदा भरून दिसतात. काना खाली येता येता निमुळता होतो, मात्रेच्या टोकाला वेटोळे आहे, आणि शिरोरेघ सलग न राहता प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर स्वतंत्र लाटेसारखी येते. फॉन्ट सुंदर आहे यात शंका नाही, आणि ज्याने तो रेखाटला त्याचा हात चांगला आहे. प्रश्न एवढाच आहे की ५० ग्रॅमच्या पाकिटावर, छपाईनंतर, त्यातले किती शिल्लक राहील. ‘आम्हाला योग्य वाटत नाही’ असे मोघम उत्तर देण्यापेक्षा आधी तपासणी करावी आणि मगच लिहावे, असे ठरवले.

११ जुलै २०२४

फॉन्टची परीक्षा ‘गोडा मसाला’ या शब्दांवर होत नाही, कारण त्यात अडचणीचे अक्षरच नाही. म्हणून ग्राहकांच्या उत्पादनांची संपूर्ण यादी दोन्ही टाइपफेसमध्ये ओळीने मांडली, आणि ५० ग्रॅमच्या पाकिटावर जो आकार येणार आहे त्याच आकारात कागदावर छापून टेबलावर ठेवली.

‘धणे-जिरे पूड’ येथेच थांबावे लागले. ‘ध’ आणि ‘घ’ यांत डोळ्याला फरक कळतो तो दोन खुणांनी: ‘ध’ची डावीकडची छोटी गाठ, आणि त्या गाठीपाशी तुटलेली शिरोरेघ. नक्षीदार फॉन्टमध्ये शिरोरेघ सगळीकडेच तुटलेली असल्यामुळे दुसऱ्या खुणेला अर्थ उरत नाही, आणि गाठ लहान आकारात इतकी आवळते की वाचणाऱ्याला ‘घणे’ दिसते. ‘थालीपीठ भाजणी’मध्ये तोच प्रकार ‘भ’ आणि ‘म’ यांच्याबाबतीत होतो. सलग शिरोरेघेच्या टाइपफेसमध्ये जिथे ती तुटते तिथेच डोळा थांबतो. सगळीकडेच खंड असेल तर डोळ्याला थांबण्यासाठी खूण मिळत नाही.

दुसरी अडचण ‘पांढऱ्या तिळाची चटणी’ या नावात सापडली. मराठीला लागणारा चंद्रकोरीसारखा अर्धा र या फॉन्टमध्ये नाही. तो बहुधा हिंदी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून बनवला असावा. त्यामुळे शब्द नीट टाइप केला तर ‘ऱ’खालचा नुक्ता आणि पाय मोडल्याची खूण उघडी पडते, आणि साधा ‘र’ वापरून टाइप केला तर ‘य’वर रफार चढून ‘पांढर्या’ असे चुकीचे रूप तयार होते. फाइलमध्ये पुढे कोणी हा शब्द बदलू नये म्हणून दोन्ही क्रम येथे नोंदवून ठेवतो.

```
र्या  = U+0930 U+094D U+092F U+093E   (रफार, येथे चूक)
ऱ्या  = U+0931 U+094D U+092F U+093E   (अर्धा र, येथे बरोबर)
```

मुक्तामध्ये दुसरा क्रम दिला की अर्धा र आपोआप आणि योग्य जागी येतो.

१२ जुलै २०२४, तुर्भे

छपाई जिथे होणार आहे त्या कारखान्यात दोन्ही मांडण्या घेऊन गेलो. पाकिटे रोटोग्रॅव्ह्युअर पद्धतीने छापली जाणार आहेत. या पद्धतीत प्रत्येक रंगाचे एक धातूचे सिलिंडर असते आणि त्यावर अक्षर म्हणजे शाई धरणाऱ्या सूक्ष्म खळग्यांची रांग असते. त्यामुळे भिंगाखाली पाहिल्यास अक्षराची कड कधीच गुळगुळीत नसते, ती करवतीसारखी दातेरी असते. जाड रेघेला त्याने काही होत नाही. बारीक रेघ मात्र दोन्ही बाजूंनी खाल्ली जाते आणि मधेच तुटते.

आपल्या पाकिटावर उत्पादनाचे नाव मरून रंगात पांढरे आहे. फिल्मच्या आतल्या बाजूने उलटी छपाई होते, मरून रंग दोन शायांच्या मेळातून तयार होतो, अक्षरांची जागा दोन्हींत मोकळी सोडतात आणि सर्वांत शेवटी मागून पांढरी शाई येते. दोन रंगांपैकी एक जरी केसभर सरकला तरी तो अक्षराच्या मोकळ्या जागेत घुसतो, आणि रेघ जितकी बारीक तितकी ती लवकर बुजते. कारखान्यातील फोरमननी अशा पांढऱ्या अक्षरांसाठी किमान ०.२५ मिलिमीटर जाडी मागितली आहे.

परत आल्यावर मोजले. नक्षीदार फॉन्टमधील सर्वांत बारीक रेघ, अक्षराच्या चौकटीचे हजार भाग धरले तर, चौदा भागांची आहे. ५० ग्रॅमच्या पाकिटावर नाव ३६ पॉइंटांत, म्हणजे सुमारे १२.७ मिलिमीटरच्या चौकटीत आहे. त्यात ही रेघ ०.१८ मिलिमीटर भरते. हे मागितलेल्या जाडीपेक्षा कमी आहे. ५०० ग्रॅमच्या पाकिटावर नाव ९० पॉइंटांत आहे आणि तिथे तीच रेघ ०.४४ मिलिमीटर, म्हणजे पुरेशी, होते. मुक्ताच्या सेमीबोल्ड जाडीत सर्वांत बारीक जागाही ३६ पॉइंटांवर मर्यादेच्या दुपटीहून अधिक राहते.

या मोजणीतून पत्राचा मुख्य मुद्दा हाती आला. नक्षीदार फॉन्ट सर्वत्र वाईट ठरतो असे नाही. तो मोठ्या पाकिटावर टिकतो आणि लहान पाकिटावर टिकत नाही, आणि नवा ग्राहक सर्वांत आधी हातात घेतो ते लहान पाकीटच असते.

१५ जुलै २०२४

पत्राचा मसुदा सुरू केला. सहकाऱ्यांशी बराच वेळ चर्चा झाली, तिच्यातील काही निर्णय लिहून ठेवतो, कारण असे पत्र पुन्हा लिहावे लागेलच.

नकार पहिल्या परिच्छेदात द्यायचा. दोन पाने कारणे देऊन शेवटी नकार दिला, तर वाचणारा सबंध पत्रभर निकालाची वाट पाहत राहतो आणि कारणे त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. पण नकाराआधी सूचनेची दखल घ्यायची, आणि ती खरी घ्यायची: चिरंजीवांना पाकीट मानाचे दिसायला हवे आहे, आणि ही मागणी रास्त आहे.

पत्र शेठजींच्या नावाने जाईल आणि चिरंजीव ते वाचतील. म्हणून ‘आपल्या चिरंजीवांना छपाईची कल्पना नसावी’ असा अर्थ निघेल असे एकही वाक्य राहू द्यायचे नाही. मसुद्यातील ‘हौशी’ हा शब्द सहकाऱ्यांनी खोडायला लावला, ते योग्यच झाले.

तांत्रिक मोजमापांपैकी फक्त ०.२५ आणि ०.१८ हे दोन आकडे पत्रात ठेवले. युनिकोडचे क्रम ठेवले नाहीत. त्याऐवजी त्यांच्याच उत्पादनांची तीन नावे दोन्ही टाइपफेसमध्ये छापून सोबत जोडायची. ‘पांढर्या’ हे चुकीचे आहे हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही, दाखवले की पुरते.

मुक्ता अनेक ठिकाणी वापरला जातो, ही गोष्ट पत्रात आपणहून लिहावी का, यावर मतभेद झाला. मी लिहावी या मताचा होतो. हा टाइपफेस मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरकारांच्या गटाने तयार केला आहे, तो मुक्त परवान्यावर उपलब्ध आहे आणि कोणालाही व्यावसायिक कामासाठी विनामूल्य वापरता येतो. साहजिकच तो इतरत्रही दिसणार. ग्राहकांना ही गोष्ट उद्या दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा आज आमच्याकडून कळावी, हे अखेर सर्वांना पटले.

१६ जुलै २०२४

पत्र आज पाठवले. पूर्ण मजकूर असा.

> आदरणीय शेठजी,
>
> स.न.वि.वि.
>
> आपला दिनांक ८ जुलैचा ई-मेल आणि आपल्या चिरंजीवांनी निवडलेल्या फॉन्टचा नमुना मिळाला. नवे पाकीट इतर पाकिटांच्या रांगेत मानाचे दिसावे, ही त्यांची अपेक्षा आम्हाला पूर्णपणे मान्य आहे. त्या अपेक्षेने हा फॉन्ट आम्ही आपल्या सर्व उत्पादनांच्या नावांवर लावून पाहिला आणि छपाईच्या कारखान्यातही दाखवला. त्यानंतर आमचे मत असे झाले आहे की पाकिटांसाठी ‘मुक्ता’च कायम ठेवावा; नव्या फॉन्टची शिफारस आम्ही करू शकत नाही. त्याची कारणे आपल्यासमोर सविस्तर ठेवत आहोत.
>
> आपल्या दुकानाची ओळख ज्या गोष्टीवर उभी आहे, तिच्यापासून आम्ही सुरुवात केली होती. पहिल्या भेटीत आपण सांगितले होते की माल पारखायला आलेल्या गिऱ्हाइकासमोर आपण पोते उघडता, आणि पाकिटावरही मसाल्यात काय काय घातले आहे ते दगडफुलापासून नागकेशरापर्यंत सगळे स्पष्ट लिहायचे आहे, लपवण्यासारखे काही नाही. ज्या अक्षरांची पोटे मोकळी आहेत, रेघेची जाडी जवळजवळ सारखी आहे आणि जी लहान आकारातही वाचता येतात, अशी अक्षरे या भूमिकेला शोभतात. मुक्ता निवडण्यामागे हाच विचार होता. दर्शनी बाजूवरील नाव आणि मागील बाजूवरील घटकांची यादी एकाच हातची वाटावी, म्हणून जाड आणि बारीक अशा सात वजनांत मिळणारे हे अक्षरकुटुंब आम्ही घेतले. पाकिटावरील इंग्रजी मजकूरही त्याच कुटुंबातील इंग्रजी अक्षरांत बसतो. आपण पुढे गुजरातमध्ये विक्री सुरू करण्याचा विचार बोलून दाखवला होता. त्या वेळी ‘मुक्ता वाणी’ हे याच कुटुंबातील गुजराती भावंड उपयोगी पडेल आणि पाकिटाचा चेहरा बदलावा लागणार नाही.
>
> नवा फॉन्ट मोठ्या आकारात देखणा आहे, हे आम्ही मनापासून म्हणतो. अडचण ५० ग्रॅमच्या पाकिटावर येते. मरून रंगावर पांढरी अक्षरे स्वच्छ उमटण्यासाठी कारखान्याला प्रत्येक रेघ किमान ०.२५ मिलिमीटर जाड हवी आहे. या फॉन्टमधील बारीक रेघा त्या आकारात ०.१८ मिलिमीटरच्या होतात. छपाईत दोन रंग किंचित जरी सरकले तरी या रेघा बुजतील, आणि मात्रेचे जे वेटोळे आपल्याला आवडले आहे तेच सर्वांत आधी नाहीसे होईल. अक्षरे जाड करून पाहिली असता त्यांची पोटे भरून जातात आणि फॉन्टचे मूळ सौंदर्य उरत नाही. फक्त मोठ्या पाकिटांवर नवा फॉन्ट आणि लहानांवर मुक्ता असा मार्गही काढता येईल, परंतु मग दुकानाच्या एकाच फळीवर आपली दोन पाकिटे दोन वेगळ्या घरची दिसतील.
>
> सोबत आपल्याच तीन उत्पादनांची नावे दोन्ही टाइपफेसमध्ये, ५० ग्रॅमच्या पाकिटाच्या प्रत्यक्ष आकारात छापून जोडली आहेत. कृपया कागद हातभर अंतरावर धरून पाहावा. ‘धणे’ आणि ‘भाजणी’ या शब्दांतील पहिले अक्षर नव्या फॉन्टमध्ये पटकन ओळखू येत नाही, आणि ‘पांढऱ्या तिळाची चटणी’ या नावातील अर्धा र त्या फॉन्टमध्ये मुळातच नसल्यामुळे शब्द शुद्ध छापता येत नाही. हे अक्षर आम्ही हाताने रेखाटून देऊ शकतो, परंतु आपल्या यादीत उद्या जे नवे नाव येईल त्यात पुन्हा असेच काही निघाले, तर प्रत्येक वेळी तेच काम करावे लागेल.
>
> एक गोष्ट आम्ही आपणहून सांगू इच्छितो. मुक्ता हा मुक्त परवान्याचा टाइपफेस आहे, आपल्याला त्यासाठी शुल्क द्यावे लागत नाही, आणि म्हणूनच तो इतरांच्या कामातही आपल्याला दिसेल. आपले वेगळेपण केवळ टाइपफेसवर सोपवू नये, या विचाराने दुकानाचे मुख्य नाव आम्ही टाइप करून ठेवलेले नाही. मुक्ताचा सांगाडा घेऊन त्यातील जोडाक्षर आणि उकार स्वतंत्र रेखाटले आहेत, ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे घेतले आहेत, आणि ते रूप फक्त आपले राहील.
>
> पाकीट अधिक मानाचे दिसावे यासाठी आम्ही असे सुचवतो की नक्षी अक्षरांऐवजी चौकटीत आणावी. नावाभोवतीच्या किनारीसाठी पैठणीच्या काठावरून एक रेखाटन केले आहे. त्यातील रेघा छपाईला झेपतील एवढ्या जाड ठेवल्या आहेत. तेही सोबत जोडले आहे.
>
> सिलिंडर एकदा कोरले की त्यातील एक अक्षर बदलायचे म्हटले तरी त्या रंगाचे सिलिंडर नव्याने करावे लागते, म्हणून हा निर्णय आत्ताच पक्का व्हावा अशी विनंती आहे. आपल्या आणि चिरंजीवांच्या मनात काही शंका राहिल्यास आम्ही वाशीला येऊन समक्ष बोलू.
>
> कळावे, लोभ असावा, ही विनंती.

१८ जुलै २०२४

शेठजींचा फोन आला. पत्र दोघांनीही वाचले आहे. कागदावरच्या छापील नमुन्यावर निर्णय घेण्यापेक्षा खऱ्या पाकिटासारखे काहीतरी फळीवर ठेवून पाहायला आवडेल, असे ते म्हणाले. मागणी योग्य आहे. डिजिटल छपाईने दोन्ही टाइपफेसमधील नमुना पाकिटे बनवायला टाकली. मात्र डिजिटल छपाईत बारीक रेघा ग्रॅव्ह्युअरपेक्षा चांगल्या उमटतात, त्यामुळे नक्षीदार फॉन्ट त्या नमुन्यात प्रत्यक्षापेक्षा बरा दिसेल, हे फोनवरच सांगून ठेवले. नमुना पाहून विश्वास बसावा आणि नंतर माल वेगळा यावा, हे दोन्ही बाजूंना तापदायक ठरते.

२२ जुलै २०२४, वाशी

पावसामुळे मार्केटमध्ये अंधारून आले होते, गाळ्यात ट्यूबलाइट लावलेली होती. पाकिटे मागच्या फळीवर मांडली. शेठजींनी दिवाणजींना काही न सांगता फक्त धणे-जिरे पूड काढून द्यायला सांगितली. मुक्तातले पाकीट त्यांनी सरळ उचलले. नक्षीदार पाकिटांच्या रांगेपुढे मात्र चष्मा कपाळावरून खाली घेऊन दोन पाकिटे हातात धरून पाहिली, मग योग्य ते दिले. हे काही शास्त्रशुद्ध परीक्षण नव्हे, आणि दिवाणजींना मालाची इतकी सवय आहे की ते रंगावरूनही ओळखतील. पण शेठजींना हवे ते उत्तर मिळाले.

चिरंजीवांनी बराच वेळ किनारीचे रेखाटन पाहिले आणि एक चांगला प्रश्न विचारला: किनार इतकी भरगच्च असेल तर साधे अक्षर तिच्यात हरवणार नाही का? शंका रास्त होती. किनार आणि नाव यांच्यातील मोकळी जागा वाढवून तिथेच दोन पर्याय दाखवले. त्यांनी निवडलेला पर्याय आमच्या मूळ मांडणीपेक्षा चांगला आहे. पाकिटांसाठी मुक्ता कायम झाला.

त्यांची एक विनंती उरली: दिवाळीला घाऊक गिऱ्हाइकांना द्यायच्या भेटपेटीवर तरी तो फॉन्ट यावा. त्याला आम्ही होकार दिला. पेटी जाड कागदावर ऑफसेटने छापली जाणार आहे, तिथे बारीक रेघा टिकतात. त्यावर ‘शुभ दीपावली’ एवढाच मजकूर मोठ्या आकारात येणार आहे आणि त्या दोन शब्दांत या फॉन्टला न झेपणारे अक्षर नाही. अट एकच घातली आहे, की फॉन्ट त्यांच्याकडे मित्राकडून फाइल म्हणून आला असल्यामुळे तो वापरण्यापूर्वी मूळ अक्षरकाराकडून परवाना विकत घ्यावा. तो खर्च त्यांनी मान्य केला.

२६ जुलै २०२४

सिलिंडरसाठी अंतिम फाइल्स तुर्भ्याला पाठवल्या. दर्शनी बाजूवरील सर्व नावे बाह्यरेषांत बदलून दिली आहेत, त्यामुळे तिथल्या संगणकावर फॉन्ट नसला तरी अक्षर बदलणार नाही. मागील बाजूचा मजकूर सध्या मजकूर म्हणूनच ठेवला आहे, कारण घटकांची यादी ग्राहकांकडून एकदा तपासून यायची आहे. ती आल्यावर तोही बाह्यरेषांत बदलायचा. छपाईचा पहिला पुरावा आला की ‘ध’ची गाठ, ‘भ’ची गाठ आणि ‘ऱ्या’ या तीन जागा भिंगाखाली पाहूनच सही करायची, असे कामाच्या पाकिटावर लिहून ठेवले आहे.